लेआमावशीचे सात दिवस

लेआमावशी,

तुझ्या घराचं दार सात दिवस उघडं होतं. नुसतं लोटलेलं, कुलूप नाही की बेल नाही. बाहेर फेब्रुवारीतला हॅलिफॅक्सचा वारा, समुद्रावरून थेट अंगावर येणारा, आणि आत येणारा प्रत्येक माणूस दार ढकलून, बूट काढून, एक अक्षर न बोलता हॉलमध्ये जाऊन बसत होता. तू असतीस तर आधी म्हणाली असतीस, "अगं, हीटिंग वाया चाललंय." आणि मग म्हणाली असतीस, "असू दे."

मी तुझ्या बेसमेंटमध्ये आठ वर्षं राहिले. स्टुडंट म्हणून आले, पीआर झाले, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, नोकरी लागली, तरी स्वतःचा कॉन्डो बघायला जायचं नाव काढलं नाही. नागपूरची मी, तू ठाण्याची. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर खोलीची चिठ्ठी होती आणि खाली नाव होतं लेआ पेझारकर. पेझारकर वाचून मला वाटलं मराठी बाई आहे, आणि लेआ वाचून वाटलं नसेल. फोन केला तर तू म्हणालीस, "दोन्ही बरोबर आहे. जेवायला ये, मग सांगते." त्या दिवशी नारळाच्या दुधातली आमटी वाढत तू मला बेने इस्राएल म्हणजे काय ते सांगितलंस. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते. मी तोपर्यंत हा शब्दही ऐकला नव्हता. तू मला हसली नाहीस. "इथल्या यहुद्यांनीही ऐकला नव्हता," म्हणालीस. "साडी नेसून सिनेगॉगमध्ये गेले तर मला कोट ठेवायची जागा दाखवायला लागले. पाहुणी आहे समजून."

पण आज मला ते लिहायचं नाही. आपल्यातलं एक भांडण अर्धं राहिलं होतं, त्याचं काय झालं ते तुला सांगायचंय.

माझे बाबा गेले तेव्हा माझं परमिट रिन्यूअलला गेलेलं होतं. बाहेर पडले असते तर परत येता आलं असतं की नाही, कोणी खात्रीने सांगेना. मी अंत्यविधी फोनच्या स्क्रीनवर पाहिला. भावाने फोन धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडून कामाला बसले. तू वरून आलीस आणि काही न विचारता लॅपटॉप मिटलास.

"सात दिवस बस," म्हणालीस. "मी बसते तुझ्याबरोबर."

"मावशी, ऑफिसचं स्प्रिंट चालू आहे, दोन आठवड्यांत काम संपवायचंय."

"वडील एकदाच जातात."

"हे तुमच्यातलं आहे. आमच्यात तेरा दिवस असतं, आणि मी तेही पाळणार नाहीये. सुतक वगैरे मला पटत नाही."

"मी सुतक म्हणत नाहीये गं. विटाळाचं नाही हे. नुसतं बसायचं. रडू आलं तर रडायचं, नाही आलं तर नाही. लोक येतील, मी बोलावते."

आणि मग मी ते बोलले. "तुझ्या मुलाने स्वतःच्या बापासाठी अकरा महिने प्रार्थना म्हटली नाही. दुसऱ्या महिन्यात कॅल्गरीला निघून गेला. त्याला तुला शिकवता आलं नाही, आणि मला शिकवायला आलीस?"

तुझा चेहरा बदलला नाही. हात मात्र लॅपटॉपवरून मागे घेतलास. जिना चढून वर गेलीस. तासाभराने पायरीवर आमटीचं पातेलं ठेवलेलं होतं, झाकण लावून. पुढची दोन वर्षं आपण एकत्र जेवलो, बर्फ शोव्हल केला, तुझ्या डोळ्यांच्या अपॉइंटमेंटला गेलो. त्या वाक्याविषयी मात्र तू काही बोलली नाहीस, आणि मीही नाही. रोज वाटायचं, आज सॉरी म्हणावं. रोज वाटायचं, ती विसरली असेल, उगाच कशाला आठवण करून द्या. मंगळवारी सकाळी तू गेलीस.

हॉस्पिटलमधून मी आधी डॅनिएलला फोन केला. तुझ्या मुलाचा आवाज मी आठ वर्षांत फक्त शुक्रवारच्या तुमच्या दहा मिनिटांच्या फोनवर, भिंतीआडून ऐकला होता. तो इंग्रजीत म्हणाला, "मी येतो. रविवारपर्यंत आहे." दुसरा फोन तुझ्या फ्रिजवर लावलेल्या, सिनेगॉगच्या अंत्यविधी मंडळाच्या नंबरवर केला. ग्लोरिया उचलेल असं तू कधीतरी सांगितलं होतंस. निवृत्त शाळामास्तरीण, सत्तरीची. तिने सांत्वनाचं काही बोलायच्या आधी मला दोनच गोष्टी विचारल्या. तिचं हिब्रू नाव काय, आणि तिच्या आईचं नाव काय. मी तुझ्या कपाटातला तो जुना विवाहाचा कागद काढून वाचून दाखवला. लेआ, शोशानाची मुलगी. "आता ती आमच्याकडे आहे," ग्लोरिया म्हणाली. "तिला दफनापर्यंत एक मिनिटही एकटं सोडणार नाही. आळीपाळीने कोणीतरी शेजारी बसून स्तोत्रं वाचत राहील."

डॅनिएल बुधवारी आला. बावन्न वर्षांचा, तुझ्यासारखंच कपाळ. मला बघून त्याने मराठी बोलायचा प्रयत्न केला. दहाव्या वर्षी ठाण्याहून निघाला तेव्हाची मराठी, तिथेच थांबलेली. "तू खालच्या घरात राहतेस ना? मला भूक नाहीये. आई कुठे आहे?" मावशी, त्या 'आई कुठे आहे' मध्ये बावन्न वर्षांचा माणूस नव्हता.

गुरुवारी दुपारी तुला पुरलं. चॅपेलच्या बाजूच्या खोलीत तुझ्या सिनेगॉगच्या रबायनी, म्हणजे धर्मगुरूंनी, डॅनिएलला उभं केलं. हे सगळं उभ्यानेच सोसायचं असतं म्हणाले. हे रबाय मॉन्ट्रियलकडचे, बोलताना मधूनच फ्रेंच शब्द पेरतात, उंच आणि जरा वाकलेले. त्यांनी डॅनिएलच्या शर्टाला डाव्या बाजूला, छातीवर, छोटी कात्री लावली. बाकीच्या नात्यांसाठी उजवीकडे फाडतात. आईवडिलांसाठी डावीकडे, हृदयावर. मग डॅनिएलने स्वतःच्या हाताने तो शर्ट खाली ओढला. कापड फाटल्याचा आवाज केवढा असतो! सातही दिवस तो तोच शर्ट घालणार होता, फक्त शनिवार सोडून. आमच्याकडे दुःखात लोक पांढरं, स्वच्छ नेसतात. इथे दुःख दिसलं पाहिजे, हाताला लागलं पाहिजे.

तुझी पेटी साध्या लाकडाची होती, एकही खिळा नसलेली. ती खाली उतरल्यावर मला वाटलं आता मशीन येईल. मशीन आलं नाही. रबायनी फावडं उलटं धरून, पाठीच्या बाजूने पहिली माती टाकली. उलटं अशासाठी, की हे काम घाईने करायचं नाही, नेहमीच्या खोदकामासारखं करायचं नाही. मग त्यांनी ते डॅनिएलच्या हातात दिलं नाही, मातीच्या ढिगात रोवलं. डॅनिएलने ते स्वतः उपटून घेतलं. दुःख हातातून हातात द्यायचं नसतं. पंधरावीस माणसांनी, थंडीने लाल झालेल्या नाकांनी, ढेकळं झालेली माती टाकून खड्डा पूर्ण भरला. मीही टाकली. पहिली ढेकळं लाकडावर पडताना जो आवाज होतो त्यानंतर कोणाला वाटूच शकत नाही की माणूस परत येईल. मी माझ्या बाबांना स्क्रीनवर पाहिलं होतं. मला तो आवाज ऐकायला मिळाला नव्हता.

मग ते सगळे दोन रांगांत उभे राहिले, समोरासमोर, आणि मधून डॅनिएल चालत गेला. दोन्हीकडून तेच एक वाक्य येत होतं. ग्लोरियाने त्याचा अर्थ नंतर सांगितला: ती जागा तुझं सांत्वन करो, सियोन आणि जेरुसलेमच्या इतर शोकाकुलांबरोबर. देवाचं एक नाव 'जागा' असं आहे, मावशी! तू मला कधी सांगितलं नाहीस.

घरी येताना दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवला होता. हात धुऊन आत. आतले आरसे ग्लोरियाने आधीच झाकायला सांगितले होते. चादरी सापडेनात, म्हणून मी तुझ्या सुती साड्या घेतल्या. बाथरूमच्या आरशावर हिरवी इरकल, हॉलमधल्या आरशावर ती जांभळी. सात दिवस कोणी स्वतःकडे बघायचं नाही. पहिलं जेवण शोकातल्या माणसाने स्वतःच्या घरचं जेवायचं नसतं, शेजाऱ्याने आणलेलं जेवायचं. बेसमेंटमधली मी शेजारीण धरली गेले. तुझीच भांडी खाली नेऊन मसुराची आमटी केली आणि अंडी उकडली. मसूर आणि अंडं, दोन्ही गोल, कुठे फट नाही, तोंड नाही. दुःखाला सुरुवातीला तोंड नसतं, ग्लोरिया म्हणाली. डॅनिएल कम्युनिटीने पाठवलेल्या बुटक्या खुर्चीवर बसला होता, पायांत कापडी चपला, कारण चामडं घालायचं नाही. त्याने आमटीचा एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "हे आईचं आहे."

"तिनेच शिकवलं," मी म्हटलं. तो जेवला.

मला या सात दिवसांच्या शोकाचा 'शिवा' हा शब्द पहिल्यांदा तू सांगितलास तेव्हा मी शंकर समजले होते आणि तू पोट धरून हसली होतीस. "अगं, शिवा म्हणजे सात. हिब्रूत सात." आता हॉलमध्ये तुझ्यासाठी सात दिवस जळणारी मेणबत्ती काचेच्या ग्लासात पेटली होती, आणि मला त्या हसण्याचा आवाज हवा होता.

त्या पहिल्या संध्याकाळी लोक आले. मला सांगितलं होतं की शोकातला माणूस बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही, आणि येताजाताना हॅलो बाय करायचं नाही. मला ते खरं वाटलं नव्हतं. इथली माणसं लिफ्टमध्येसुद्धा हवामानावर बोलल्याशिवाय राहत नाहीत. ती वीस माणसं डॅनिएलसमोर बसली आणि गप्प राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं कोणीतरी आता काहीतरी वेडपट बोलेल. कोणी बोललं नाही. ती शांतता रिकामी नव्हती, मावशी. कोणीतरी तुमच्याबरोबर एक जड वस्तू उचलून धरावी आणि ती कुठे ठेवायची ते तुम्हालाच ठरवू द्यावं, तशी होती. शेवटी डॅनिएलच म्हणाला, "मी तिला फारसा ओळखत नव्हतो." आणि मग एकेकजण बोलायला लागला.

कद्दीश म्हणायची वेळ आली. मेलेल्यांसाठीची प्रार्थना, पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ यहुदी हवेत. काही ठिकाणी फक्त पुरुष मोजतात, तुझ्या सिनेगॉगमध्ये बायकाही. रबायनी मोजलं, पण एक, दोन, तीन असं नाही. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसाच्या वाट्याला. शेवटच्या शब्दाला माणूस आहे म्हणजे दहा झाले. माझ्याकडे नजर आली तेव्हा वचन माझ्यावर थांबलं नाही. ते बरोबरच होतं. मला मोजलं नाही, पण खुर्ची दिली.

डॅनिएल इंग्रजी अक्षरांतून वाचत होता आणि अडखळत होता. स्मशानातही अडखळला होता. तेव्हा मला तुझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची आठवण झाली. मसाल्याच्या पावत्यांखाली ती वही होती. पहिल्या पानावर, तुझ्या टपोऱ्या देवनागरीत: 'यितगद्दाल वेयितकद्दाश शमेह रब्बा'. पूर्ण कद्दीश, मराठी अक्षरांत. प्रत्येक 'आमेन'च्या जागी लाल शाईची रेघ. मी ती त्याच्यासमोर धरली. बेचाळीस वर्षांत त्याने देवनागरी वाचली नव्हती. त्याने पहिलं अक्षर बोटाने धरलं. मग दुसरं. दहा माणसं उभी होती आणि वाट बघत होती, कोणी खोकलंसुद्धा नाही. ठाण्याच्या शाळेतल्या मुलाच्या गतीने तो ती प्रार्थना वाचत गेला आणि ती जिथे थांबायची तिथे सगळे एका आवाजात उत्तर देत होते: त्याचं थोर नाव धन्य असो, सदासर्वकाळ. उत्तर आलं की डॅनिएलचा आवाज एक पायरी वर चढायचा.

शुक्रवारी दुपारी तो रबायना म्हणाला, "यात तिचं नावच नाही. मृत्यूचा शब्दही नाही. नुसतं देव मोठा आहे, देव मोठा आहे."

"नाही," रबाय म्हणाले. "एकही शब्द नाही."

"मग ही मेलेल्यांची प्रार्थना कशी?"

"ज्याला आज देवाला काही म्हणावंसं वाटत नाही, त्याच माणसाला उभं करून ती म्हणायला लावतात. दहा माणसं सोबतीला देऊन."

डॅनिएलने वही उचलून विचारलं, "ही तिने का लिहिली?"

तेव्हा रबायनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नाही. तुझा नवरा, सॅमसनकाका, गेले तेव्हा तुला बायको म्हणून तीसच दिवस शोक पाळायचा होता. आईवडिलांसाठीच अकरा महिने. डॅनिएल निघून गेला, म्हणून मुलाचे अकरा महिने तू म्हटलेस. तुला हिब्रू लिपी वाचता येत नव्हती, म्हणून ऐकून ऐकून देवनागरीत उतरवलंस. तेव्हा हे रबाय इथे नव्हते, त्यांनी हे जुन्या लोकांकडून ऐकलं. बायकांना नुकतंच मोजायला लागले होते. अकरा महिने संपल्यावर सगळ्यांना वाटलं आता ही यायची थांबेल. तू थांबली नाहीस.

मला आठवलं, सोमवारी आणि गुरुवारी तू सकाळी सहाच्या बसने जायचीस. मी विचारलं होतं, "रिटायर झालीस ना, कुठे जातेस?" तू म्हणायचीस, "कामाला." मला वाटायचं लायब्ररीत व्हॉलंटियरिंग असेल.

तू दहावी व्हायला जायचीस, मावशी. कोणाचा तरी बाप गेलेला असायचा, कोणाची बहीण, आणि नऊच जमलेले असायचे.

त्या आठवड्यात तुझ्या हॉलमध्ये बसलेल्या माणसांनी एकेक करून ते सांगितलं. बोरिस नावाचा एक जाडजूड माणूस, डार्टमथहून फेरीबोटीने आलेला, म्हणाला, "माझ्या आईच्या वेळी ती अकरा महिने आली. आम्हाला एकमेकांचं इंग्रजी कळायचं नाही. ती मला डब्यातून काहीतरी तिखट द्यायची. मी रडायचो ते आईसाठी की तिखटासाठी, कोणाला कळायचं नाही." सगळे हसले. डॅनिएलही हसला, आणि हसता हसता फाटक्या शर्टाच्या टोकाने डोळे पुसायला लागला. तुझ्या मुलाला मी तिथे पहिल्यांदा रडताना पाहिलं.

शनिवारी सगळं उघडं दुःख बाजूला ठेवलं गेलं. शब्बाथला शोक दाखवायचा नाही, पण तो दिवस सातात धरतात. डॅनिएलने धड शर्ट घातला, सिनेगॉगला गेला, उभा राहून कद्दीश म्हटला. अंधार पडल्यावर परत फाटका शर्ट चढवला, बुटक्या खुर्चीत बसला आणि एअरलाइनला फोन लावला. रविवारचं तिकीट बदलून बुधवारचं केलं. मला काही सांगितलं नाही. मी किचनमध्ये कप धूत होते, ऐकलं.

रविवारी वादळ आलं. बस बंद, फेरीबोट बंद, रेडिओवर घरातच राहा म्हणत होते. मी खिडकीशी उभी राहून हिशेब करत होते की आज दहा होणार नाहीत. चार वाजता ग्लोरियाच्या शेजारचं जोडपं फावडी घेऊन आलं आणि दारापर्यंतची वाट काढायला लागलं. त्यांच्यामागे युनिव्हर्सिटीतल्या दोन मुली, भुवयांवर बर्फ. एक डॉक्टर चक्क स्कीवर. ग्लोरिया आणि रबाय एकमेकांचे हात धरून, मधोमध रस्त्यातून. मागून आणखी काहीजण आले आणि डॅनिएल धरून अकराजण झाले. त्यांच्यातल्या तिघांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं. मी त्यांचे ओले कोट हीटरवर पसरले. इतकी मोठी गोष्ट मी जवळून पाहिली नव्हती. कोणी कोणाचे आभार मानत नव्हतं. जणू पाणी भरायला नळावर यावं तसे ते आले होते.

त्याच दिवशी किचनमध्ये ग्लोरियाने मला सांगितलं की तुला शेवटचं तयार कोणी केलं. ती आणि अजून तीन बायका. तुला झाकलेलं ठेवूनच, लागेल तेवढाच भाग उघडा करत धुतलं. मग एका सलग धारेत पाणी ओतलं, धार तुटू न देता. पांढरी सुती वस्त्रं घातली, त्यांना खिसे नसतात. गाठी मारल्या नाहीत, नुसत्या पिळून अडकवल्या. आणि शेवटी चौघींनी तुला नावाने हाक मारली. लेआ, शोशानाची मुलगी, आमच्या हातून तुझा काही अवमान झाला असेल तर क्षमा कर. आम्ही जे केलं ते तुझ्या मानासाठी केलं.

"तुम्ही काही चूक केली होती?" मी विचारलं.

"नाही. पण ती सांगू शकत नाही ना," ग्लोरिया म्हणाली.

मी टॉवेल तोंडावर धरून बेसमेंटमध्ये पळाले.

सोमवारी मी रबायना विचारलं. मेलेल्या माणसाची माफी मागता येते का? मला वाटलं ते म्हणतील, मनात माग, ती ऐकते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "त्याचा नियम आहे. दहा माणसांना घेऊन कबरीपाशी जायचं, आणि त्यांच्यासमोर सांगायचं की मी हिचा अपराध केला. काय केलं ते सांगायचं. त्या दहांनी मग तीनदा म्हणायचं, तुला क्षमा आहे."

"मी यहुदी नाही."

"नियम आमच्यासाठी आहे," ते म्हणाले. "पण माणसं यायला काय हरकत आहे? आणि सांगायची भाषा तुमचीच. तिला ती कळायची."

मला दोन दिवस झोप नीट लागली नाही, आणि कारण तुला माहीत आहे. दहांतला एक डॅनिएल असणार होता. रबायना, ग्लोरियाला, बोरिसला मराठीतलं अक्षर कळणार नव्हतं. त्याला कळणार होतं.

बुधवारी सातवा दिवस. सकाळची प्रार्थना तुझ्या हॉलमध्ये झाली. डॅनिएल शेवटचा थोडा वेळ खुर्चीत बसला. मग रबाय म्हणाले, "ऊठ," आणि तो उठला. सातवा दिवस पुरा बसायचा नसतो, सकाळी थोडंसं बसलं की पुरे. दोघंतिघं त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि घराभोवतीच्या गल्लीला एक फेरी मारून आले. जग तिथेच आहे का ते बघून येण्यासाठी. मी तोवर आरशांवरच्या साड्या काढल्या. सात दिवसांनी स्वतःचा चेहरा पाहिला, बराच उतरलेला.

डॅनिएलला ठाण्यातलं एक आठवत होतं. सातव्या दिवशी जारत व्हायची, गेलेल्याच्या नावाने ताट मांडायचे, खजूर, फळं, भाकरी, आणि सबज्याची डहाळी हातात देऊन वास घ्यायला सांगायचे. हॅलिफॅक्समध्ये फेब्रुवारीत सबजा कुठला? त्याने ग्रोसरीतून सबज्याच्याच जातीची, कुंडीतली बेसिल आणली. रबायनी असं कधी पाहिलं नव्हतं, पण सुगंधी वनस्पतीसाठीचा आशीर्वाद त्यांना पाठ होता. तो म्हणून त्यांनी पान नाकाशी धरलं. मग ते पान बोरिसने घेतलं, ग्लोरियाने घेतलं. तुमचं कोकण त्या खोलीत आलं, आणि कोणी तुला कोट ठेवायची जागा दाखवली नाही.

मग आम्ही तीन गाड्यांतून तुझ्याकडे आलो.

वारा पडला होता. ऊन होतं, डोळ्यांना लागणारं. तुझ्या मातीवर बर्फाचा थर बसला होता. दहाजण अर्धवर्तुळात उभे राहिले. डॅनिएल टोकाला, दाढी वाढलेली. मी हातमोजे काढले, का ते माहीत नाही.

मी म्हटलं, "लेआमावशी, मी तुझा अपराध केला आहे." मग काय केलं ते सांगितलं. "माझे बाबा गेले तेव्हा तू माझ्याबरोबर बसायला आली होतीस. मी तुला म्हटलं, तुझ्या मुलाने स्वतःच्या बापासाठी अकरा महिने प्रार्थना म्हटली नाही. त्याला शिकवता आलं नाही, आणि मला शिकवायला आलीस. मला माहीत होतं हे कुठे लागेल. तिथेच लागावं म्हणून मी ते म्हटलं. नंतर दोन वर्षं तुझ्या हातचं जेवले, आणि माफी मागितली नाही."

डॅनिएलने मान खाली घातली. त्याच्या बुटांपुढचा बर्फ तो बघत होता. मला वाटलं तो निघून जाईल. गेला असता तर नऊ उरले असते आणि तेही त्याच्या हक्काचं होतं. रबाय थांबले होते. कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं, सगळे तुझ्याकडे बघत होते.

मग रबायनी सुरुवात केली, "माखुल लाख." तुला क्षमा आहे. नऊ आवाज. दुसऱ्यांदा म्हटलं. नऊ. तिसऱ्या वेळी त्यांच्यामागून, जरासा उशिरा, एक आवाज मराठीत आला. "माफ आहे."

मी रडले, मावशी. मला वाटतं तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी, आणि त्यातलं काही माझ्या बाबांसाठी होतं. ग्लोरियाने मला धरलं नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहिली. लोक एकेक खडा तुझ्या मातीवर ठेवून गाड्यांकडे जायला लागले.

रबाय डॅनिएलपाशी थांबले. हळूच विचारलं, "तुला काही सांगायचंय का? दहाजण अजून इथे आहेत."

डॅनिएलने तुझी वही कोटाच्या आतून काढली, पुन्हा आत ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "कॅल्गरीत आमच्या घरापासून वीस मिनिटांवर सिनेगॉग आहे, मी काल फोन करून वेळ विचारली. सकाळी सात. माझं एका वाक्यात होणार नाही. मला अकरा महिने लागतील."